नजर वर, नळी खाली

1914 च्या ऑगस्टमध्ये जर्मन पायदळ बेल्जियममध्ये शिरलं तेव्हा त्याच्या खांद्यावर गेवेर 98 ही रायफल होती. माउझर कारखान्याची ही रायफल त्या काळातल्या उत्तम रायफलींपैकी एक मानली जाते. तिच्या मागच्या साईटवर अंतराचे आकडे कोरलेले असत आणि एक सरकती पट्टी पुढंमागं करून सैनिकानं आपल्या लक्ष्याचं अंतर लावायचं असे. पट्टी वर सरकवत नेली की ती 2000 मीटरपर्यंत जाई. खाली आणली की 400 वर येऊन थांबे. 400 च्या खाली आकडाच नव्हता.

ज्यांनी ती आखली त्यांच्या डोळ्यांसमोर मोकळं मैदान होतं. रांगेत उभे राहिलेले सैनिक दूरवरच्या शत्रूच्या रांगेवर एकदम गोळीबार करतील, हे त्यांनी गृहीत धरलं होतं. पण वर्ष संपण्याआधी पश्चिम आघाडीवर दोन्ही बाजू खंदकात बसल्या. समोरचा खंदक कित्येक ठिकाणी शंभर-दोनशे मीटरवर, कुठं कुठं त्याहून जवळ होता. सैनिक काळजीपूर्वक नेम धरायचा, घोडा हळू दाबायचा आणि गोळी वरून निघून जायची. त्या काळच्या टोकदार गोळीचा वेग साधारण 880 मीटर प्रति सेकंद धरून हिशेब मांडला, तर 400 मीटरला जुळवलेली ही रायफल 100 मीटरवर नेमाच्या पंचवीस सेंटिमीटरहून थोडं जास्त वर मारते आणि 200 मीटरवर चाळीस सेंटिमीटर वर. खंदकाच्या काठावर दिसणाऱ्या डोक्याची उंची याहून कमी असते.

या रायफलीत बिघाड काहीच नव्हता. 400 मीटरवर तिची गोळी नेमाच्या जागीच लागत होती. फक्त ती कोणत्या अंतरावर खरी ठरावी हे ठरवणाऱ्यांनी जे अंतर निवडलं, त्याची किंमत दुसऱ्या अंतरावर मोजावी लागत होती. रायफल ‘झिरो’ करणं म्हणतात ते हेच. एक अंतर निवडायचं आणि त्या अंतरावर नेम धरलेला बिंदू व गोळी लागलेला बिंदू एकच होईल अशी साईट बसवायची. बाकीच्या सगळ्या अंतरांवर थोडा ना थोडा फरक राहणारच. तो किती आणि कोणत्या दिशेला, हे त्या एका निवडीवर ठरतं. पण अगदी जवळच्या अंतरावर या निवडीचा जोर जवळजवळ संपतो आणि तिथं दुसरीच एक गोष्ट सत्ता गाजवते. लोकांचा गोंधळ होतो तो इथंच.

आधी तीन रेषा मनात स्पष्ट करून घेऊ. पहिली नजरेची रेषा. डोळा, साईट आणि लक्ष्य यांना जोडणारी ही रेषा प्रकाशाची असल्यानं अगदी सरळ असते. दुसरी नळीची रेषा, म्हणजे नळीच्या पोकळीच्या मधोमध जाणारी आणि पुढं कल्पनेनं वाढवलेली सरळ रेषा. तिसरी गोळीची खरी वाट. गोळी नळीतून सुटते त्या क्षणापासून गुरुत्वाकर्षण तिला खाली ओढू लागतं, त्यामुळं ही वाट नळीच्या रेषेच्या कायम खाली राहते आणि जितकं दूर जावं तितकी अधिक खाली झुकते.

‘गोळी नळीतून सुटल्यावर आधी वर उठते’ हे पुष्कळ जण ठामपणे सांगतात. गोळीला वर उचलणारं काही हवेत नसतं. साईट नळीच्या वर बसवलेली असते, आणि दूरवर गोळी जिथं पडेल तिथं नजर पोचावी म्हणून नजरेची रेषा नळीच्या रेषेशी किंचित तिरपी जुळवलेली असते. आपण नजर सपाट धरली की नळीचं तोंड आपोआप केसभर वर होतं. बागेत रबरी नळीनं लांबच्या झाडाला पाणी घालताना आपण नळीचं तोंड वर करतो, तसंच हे. म्हणून गोळी नजरेच्या रेषेच्या खालून निघते, तिला एकदा छेदून वर जाते आणि पुढं पडत पडत तिला दुसऱ्यांदा छेदते. जवळचा छेद आणि लांबचा छेद, असे दोन ‘झिरो’ बहुतेक रायफलींना असतात. आपण साईट जुळवताना त्यातला एक निवडतो, दुसरा त्याच्या मागोमाग ठरून जातो.

आता एक उदाहरण शेवटपर्यंत करून पाहू. अमेरिकी एम 16 आणि तिच्या वंशातल्या रायफली यासाठी सोयीच्या आहेत, कारण त्यांची साईट नळीच्या बरीच वर असते. या रायफलीचा दस्ता नळीच्या सरळ रेषेत ठेवलेला आहे, म्हणजे धक्का थेट खांद्यात जावा आणि नळीचं तोंड कमी उसळावं. पण दस्ता वर आला की गालही वर येतो आणि डोळाही. मग साईटही उंच न्यावी लागते. नळीच्या मध्यापासून साईटच्या मध्यापर्यंतचं अंतर साडेसहा सेंटिमीटरच्या आसपास भरतं. तिची 5.56 मिलिमीटरची हलकी गोळी तोंडाशी सुमारे 990 मीटर प्रति सेकंद वेगानं सुटते, असं धरू. पुढचे आकडे या गृहीतांवर केलेल्या हिशेबाचे आहेत. गोळी, नळीची लांबी आणि हवा बदलली की ते थोडे हलतात, पण त्यांचा आकार तोच राहतो.

समजा ही रायफल 50 मीटरवर झिरो केली. नजरेच्या रेषेच्या साडेसहा सेंटिमीटर खालून निघालेली गोळी 10 मीटरवर पोचते तेव्हा अजून 5 सेंटिमीटर खाली असते. 25 मीटरवर जवळजवळ 3 सेंटिमीटर खाली. 50 वर नेमाच्या जागी. मग ती रेषेच्या वर चढते. 100 मीटरवर साडेतीन सेंटिमीटर वर, 150 वर 4 सेंटिमीटरच्या जरा आत, आणि 200 मीटरवर पुन्हा नजरेच्या रेषेवर. त्यानंतर ती वेगानं पडते, 300 मीटरवर सुमारे 22 सेंटिमीटर खाली. म्हणजे साधारण 20 मीटरपासून 220 मीटरपर्यंत ही गोळी नेमाच्या वर किंवा खाली चार सेंटिमीटरच्या आतच राहते. साईटला हात न लावता, डोक्यात कोणताही हिशेब न करता एवढा मोठा पल्ला हाती येतो. हा झिरो लोकप्रिय का, ते यातून कळतं.

आता तीच रायफल, तीच गोळी 100 मीटरवर झिरो करू. वाट वेगळी दिसते. 10 मीटरवर गोळी साडेपाच सेंटिमीटरला थोडी कमी इतकी खाली, 25 वर चारच्या आत, 50 वर जेमतेम दोन. 100 च्या आसपास ती नजरेच्या रेषेला खालून नुसती टेकते आणि पुन्हा खाली उतरू लागते. 200 वर 7 सेंटिमीटर खाली, 300 वर 33. या रायफलीला दोन छेद जवळजवळ नाहीतच. गोळी नजरेच्या वर कधी जात नाही. लक्ष्य कुठल्याही अंतरावर असो, चूक एकाच दिशेला असते, म्हणून नेम थोडा वर धरायचा एवढंच लक्षात ठेवावं लागतं. बारीक नेमबाजी करणाऱ्यांना 100 मीटरचा झिरो आवडतो तो या सोपेपणासाठी. लांबच्या अंतरासाठी ते दुर्बिणीच्या बुरुजावर, म्हणजे तिच्या फिरत्या गोल टोपीवर, ठरावीक खटके देऊन साईट बदलतात.

तिसरा प्रयोग 25 मीटरचा. रेंज लहान असली की हा मोह होतो. कागद जवळ, भोकं डोळ्यांनी दिसतात, वारा आड येत नाही. पण 25 मीटरच्या आत साडेसहा सेंटिमीटर वर यायचं तर गोळीला चांगलाच तिरपा चढ द्यावा लागतो, आणि तो चढ पुढं थांबत नाही. 100 मीटरवर ती 15 सेंटिमीटर वर जाते, 200 वर 23 सेंटिमीटर, आणि साडेतीनशे मीटरच्या जवळपास पुन्हा खाली येते. गेवेर 98 च्या सैनिकाची तक्रार ती हीच. त्याला लांबचा छेद दिला होता, आपण जवळचा छेद दिला, वाट तशीच निघाली.

एम 16 ए 1 च्या रचनेत या वाटेचा फार सुंदर उपयोग करून घेतला होता. तिच्या मागच्या साईटला उलटता येणारी दोन छिद्रं होती, एक नेहमीचं आणि एक लांब पल्ल्याचं, ज्यावर एल हे अक्षर होतं. सैनिक 25 मीटरच्या रेंजवर लांब पल्ल्याचं छिद्र लावून झिरो करायचा आणि मग साईट उलटून नेहमीचं छिद्र पुढं आणायचा. त्याबरोबर गोळीची वाट खाली येई. ती नजरेला पहिल्यांदा सुमारे 42 मीटरवर आणि दुसऱ्यांदा 250 मीटरवर छेदी. पाव किलोमीटरची रेंज नसतानाही 250 मीटरचा झिरो मिळावा म्हणून केलेली ही युक्ती होती. 25 मीटरवर झिरो करून तीच साईट तशीच ठेवायची, असं तिच्यात कुठंही अभिप्रेत नव्हतं.

आता जवळच्या अंतराकडे परत येऊ. तिन्ही झिरोंचे 10 मीटरवरचे आकडे शेजारी ठेवून पाहा. 100 चा झिरो साडेपाच सेंटिमीटर खाली, 50 चा पाच, 25 चा पावणेचार. 5 मीटरवर तर तिन्ही पाच ते सहाच्या दरम्यान येतात. इकडे 200 मीटरवर याच तीन झिरोंमध्ये तीस सेंटिमीटरचा फरक आहे, आणि तिकडे 5 मीटरवर एका सेंटिमीटरहून कमी. याचं कारण असं की एवढ्या जवळ गुरुत्वाकर्षणानं गोळी अर्धा मिलिमीटरही खाली ओढलेली नसते, आणि झिरोनं दिलेल्या तिरप्या चढाला काही करून दाखवायला अंतरच मिळालेलं नसतं. उरते ती साईटची उंची. नळी साडेसहा सेंटिमीटर खाली आहे, म्हणून गोळी जवळजवळ तेवढीच खाली लागते.

यावर काही जण उपाय सुचवतात की मग झिरोच 10 मीटरवर करा. त्याचाही हिशेब करून पाहावा. 10 मीटरमध्ये साडेसहा सेंटिमीटर चढायचं तर गोळी 100 मीटरवर नेमाच्या अर्धा मीटरहून जास्त वर जाईल. एका टोकाचे पाच सेंटिमीटर वाचवायला दुसऱ्या टोकाला पन्नास घालवायचे. म्हणून जवळचा फरक साईट फिरवून घालवता येत नाही, तो माहीत करून घ्यावा लागतो आणि नेम तेवढा वर धरावा लागतो. 10 मीटरवरच्या कागदावर एक रुपयाच्या नाण्याएवढा ठिपका मारायचा असेल, तर या रायफलीचा नेम त्या ठिपक्याच्या पाच सेंटिमीटर वर हवा. ज्याला हे ठाऊक नाही तो ठिपक्यावरच नेम धरतो, भोक खाली पडतं, आणि साईट बिघडली म्हणून तो खटके फिरवू लागतो. जवळच्या कागदावर खुश होऊन तो उठतो तेव्हा लांबचा झिरो गेलेला असतो.

याच उंचीतून आणखी एक अपघात घडतो, आणि तो रेंजवर खरंच पाहायला मिळतो. दुर्बिणीतून समोरचं सगळं मोकळं दिसतं, पण नळीचं तोंड सहा सेंटिमीटर खाली असतं आणि त्याच्यासमोर वाळूच्या पिशवीचा कोपरा किंवा गोळीचा वेग मोजायचं यंत्र असतं. नजर त्याच्या वरून जाते, गोळी त्यातून. म्हणून टेबलावरून मारताना घोड्यावर बोट नेण्याआधी डोकं बाजूला करून नळीच्या रेषेत काही आडवं नाही ना, हे पाहून घ्यायची सवय लावतात.

साईटची उंची नळीइतकीच महत्त्वाची आहे, हे न समजल्यानं एक नियम चुकीच्या ठिकाणी लावला जातो. ‘50 ला झिरो केली की 200 ला आपोआप झिरो होते’ हे वाक्य नेमबाजांमध्ये सतत ऐकू येतं. वर पाहिलं तसं ते खरं आहे, पण त्याच उंचीच्या साईटसाठी. हीच गोळी मारणाऱ्या एखाद्या साध्या बोल्ट रायफलीवर दुर्बीण नळीला चिकटून, चार सेंटिमीटर उंचीवर बसवली असेल, तर तिला 50 मीटरपर्यंत कमी चढायचं असतं. चढ कमी, म्हणून ती लवकर खाली येते. तिचा दुसरा छेद सव्वाशे-दीडशे मीटरच्या मध्ये कुठं तरी पडतो आणि 200 मीटरवर ती सात सेंटिमीटर खाली लागते. जवळच्या अंतरावर मात्र तिला फायदा, कारण तिथला फरक साडेसहाऐवजी चारपासूनच सुरू होतो. दुसऱ्याच्या झिरोचा आकडा उसना घेण्याआधी फूटपट्टीनं आपल्या साईटची उंची मोजावी. बोल्टच्या मध्यापासून दुर्बिणीच्या नळकांड्याच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजलं की पुरतं.

प्रत्यक्ष झिरो कसा करतात ते आता पाहू. मला विचाराल तर सर्वसाधारण कामासाठी मी उंच साईटच्या रायफलीला 50 मीटरचाच झिरो देईन. रायफलीचा पुढचा भाग वाळूच्या पिशवीवर टेकवायचा, पण पिशवी लाकडी किंवा धातूच्या आवरणाखाली हवी, नळीखाली नको. नळीच टेकवली तर ती टेकूमुळं वर उचलली जाते आणि गोळ्यांची जागा बदलते. आधी 25 मीटरवर दोन-तीन गोळ्या मारून त्या कागदावर तरी पडतात का, हे बघायचं. 50 मीटरसाठी साईट बसवायची असेल तर इथं गोळ्या नेमाच्या तीन सेंटिमीटर खालीच पडायला हव्यात. मधोमध पडल्या तर त्या जास्त वर आहेत.

मग कागद 50 मीटरवर न्यायचा आणि पाच गोळ्या एकाच बिंदूवर नेम धरून मारायच्या. भोकं कुठंही पडोत, मध्येच साईटला हात लावायचा नाही. ज्यांनी एनसीसीत .22 रायफल चालवली आहे त्यांना ‘ग्रुपिंग’ आणि ‘एमपीआय’ हे शब्द आठवतील. पाच भोकांच्या घोळक्याचा मध्य तो एमपीआय. साईट हलवायची ती या मध्यावरून, एखाद्या सुट्या भोकावरून कधीच नाही.

समजा हा मध्य नेमाच्या 4 सेंटिमीटर खाली आणि 3 सेंटिमीटर उजवीकडे आला. बहुतेक दुर्बिणींचा एक खटका कोनाच्या पाव मिनिटाएवढा असतो, म्हणजे 100 मीटरवर सुमारे पाऊण सेंटिमीटर आणि 50 मीटरवर त्याच्या निम्मा, साधारण 0.36 सेंटिमीटर. चार सेंटिमीटर वर न्यायला अकरा खटके, तीन सेंटिमीटर डावीकडे न्यायला आठ. दुर्बिणीच्या बुरुजावर बाण असतो, तो गोळी कुठल्या दिशेला सरकेल हे दाखवतो. उघड्या साईटवर लोक इथं चुकतात. मागची साईट गोळीला जिथं न्यायचं त्याच दिशेला सरकवतात. पुढची साईट त्याच्या उलट. गोळी वर न्यायची असेल तर पुढचा खुंट खाली करावा लागतो. खटके देऊन झाले की आणखी पाच गोळ्या, आणि मध्य नेमावर आला का, हे पाहायचं.

बरेच जण इथं थांबतात. पण 50 मीटरवर एका सेंटिमीटरची चूक डोळ्यात भरत नाही, आणि तीच 200 मीटरवर चार सेंटिमीटर होते. जवळ झिरो केल्याची ही खरी किंमत आहे: जितक्या जवळ जुळवाल तितकी चूक लांबवर वाढत जाते. 25 मीटरवरच्या एका सेंटिमीटरचे 300 मीटरवर बारा होतात. म्हणून 50 चा झिरो 100 वर तपासून घ्यायचा. तिथं या रायफलीचा मध्य साडेतीन सेंटिमीटर वर आला तर सगळं ठीक. तो सहा सेंटिमीटर वर आला, तर समजायचं की 50 वरचा मध्य खरं तर सव्वा सेंटिमीटर वर होता आणि आपल्याला तो घोळक्याच्या पसाऱ्यात दिसला नाही. लांबची रेंज मिळत असेल तर 200 वर नजरेच्या रेषेवरच गोळी लागते का, ही शेवटची खात्री.

घोळक्याचा आकारही बोलतो. भोकं जवळजवळ एका उभ्या रेषेत पसरली तर बहुधा श्वास धरण्यात किंवा गोळ्यांच्या वेगात फरक आहे. एक घोळका इथं आणि पुढच्या पाच गोळ्यांचा दुसरा घट्ट घोळका तिथं, असं मधे कुणी काही न करता झालं तर साईटचे किंवा दुर्बिणीच्या पट्टीचे स्क्रू सैल आहेत. अशा वेळी खटके फिरवत बसण्यात अर्थ नसतो. आधी स्क्रू आवळायचे आणि मग पहिल्यापासून सुरुवात करायची. नळी तापत गेली की भोकं एकाच दिशेला हळूहळू सरकत जातात, तेव्हा थांबून ती गार होऊ द्यायची. आणि डोळा दुर्बिणीच्या मागं दर वेळी वेगळ्या जागी जात असेल तर जवळच्या अंतरावर नेमच हलतो, कारण बऱ्याच दुर्बिणी ठरावीक अंतरावरच आभास न होता नीट दाखवतात. गाल दस्त्यावर दर वेळी त्याच जागी टेकवणं हा त्यावरचा साधा उपाय.

आपल्याकडचे नेमबाज ज्या खेळामुळं ओळखले जातात त्यात ही अडचण फारशी येत नाही. 10 मीटर एअर रायफलमध्ये कागद कायम 10 मीटरवरच असतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेनं 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ज्या प्रकारात कांस्यपदक मिळवलं त्या 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्येही लक्ष्य 50 मीटरवरून हलत नाही. तिथं दहा गुणांचं वर्तुळ 10.4 मिलिमीटर व्यासाचं असतं. अंतर एकच असल्यानं दुसऱ्या अंतराचा तोटा हा प्रश्नच उरत नाही, साईट नेमकी तिथं जुळवायची. पण गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून अशा तीन स्थितींत रायफल वेगळी धरली जाते, गाल वेगळा टेकतो, म्हणून स्थिती बदलली की खेळाडू साईटचे खटके बदलतात आणि सरावाच्या गोळ्यांवर मध्य पुन्हा तपासतात. वारा आणि प्रकाश बदलला तरी तेच.

शिकारीच्या किंवा सैनिकी रायफलीला ही चैन मिळत नाही, तिचं लक्ष्य कधी 15 मीटरवर असेल आणि कधी 250 वर. पहिल्या महायुद्धानं दाखवून दिलेला धडा जर्मनांनी पुढच्या रायफलीत उतरवला. 1935 मध्ये आलेल्या काराबिनर 98 के च्या साईटवर आकडे 100 मीटरपासून सुरू होतात. अमेरिकेच्या 1903 च्या स्प्रिंगफील्ड रायफलीवर मात्र साईटचं पान आडवं ठेवल्यावर मिळणारा झटपट नेम 547 यार्डांना, म्हणजे 500 मीटरना जुळवलेला होता. त्यामुळं जवळच्या लक्ष्यावर तिचा नेम मुद्दाम खाली धरायला सैनिकाला शिकावं लागे.

झिरो पक्का झाला की एक काम उरतं, आणि माझ्या मते तेच सर्वांत उपयोगी आहे. त्याच गोळीनं, त्याच साईटला हात न लावता, 5, 10, 15, 25 आणि 100 मीटरवर प्रत्येकी तीन गोळ्या कागदाच्या एकाच ठिपक्यावर नेम धरून मारायच्या आणि घोळक्याचा मध्य ठिपक्यापासून किती खाली किंवा वर आला ते मोजायचं. हे आकडे एका छोट्या कार्डावर लिहून दस्त्याला चिकटवायचे. हिशेबातून आलेल्या आकड्यांशी ते थोडे जुळणार नाहीत, कारण साईटची उंची अर्ध्या सेंटिमीटरनं चुकीची मोजलेली असते किंवा गोळीचा खरा वेग डब्यावर छापलेल्याहून कमी असतो. फरक पडला की विश्वास कागदावरच्या भोकांवर ठेवायचा. गोळ्यांचा ब्रँड किंवा वजन बदललं, दुर्बीण काढून पुन्हा लावली, किंवा तिची पट्टी बदलून उंची वाढवली की ते कार्ड फाडून नवं करायचं. त्यातही जवळच्या ओळी आधी तपासायच्या, कारण साईटची उंची एका सेंटिमीटरनं बदलली की 5 मीटरवरचा आकडा जवळजवळ तेवढाच बदलतो, मग झिरो कुठल्याही अंतरावर केलेला असो.